मोठ्या पंपाचा आरंभ आणि विद्युत् दाबाची घट

नदीकाठच्या जॅकवेलवर एखादा मोठा पंप सुरू होतो, त्या क्षणी पंपगृहातील दिवे मंदावतात आणि काही सेकंदांनी पुन्हा पूर्ववत् उजळतात. हे दृश्य इतके परिचयाचे आहे, की त्याकडे कोणी विशेष लक्ष देत नाही. परंतु दिव्यांचे हे मंदावणे म्हणजे मोटरने वाहिनीकडे केलेल्या मागणीचे उघड मोजमाप असते. ही मागणी मर्यादेत राहिली, तर पंप निर्वेधपणे चालू लागतो. ती मर्यादेबाहेर गेली, तर शेजारी चालू असलेला दुसरा पंपही बंद पडतो, वर चढलेले पाणी उलट फिरते आणि पाण्याची वाट पाहणाऱ्या गावाचा त्या दिवसाचा पुरवठा खंडित होतो. मोटर सुरू होताना किती प्रवाह घेते, त्यामुळे दाब किती उतरतो आणि ही घट आवरण्यासाठी स्टार-डेल्टा व सॉफ्ट स्टार्टर या दोन साधनांपैकी कोणते केव्हा उपयोगी पडते, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

पंपांना जोडलेल्या बहुतेक मोटरी पिंजरी रोटरच्या प्रवर्तन मोटरी असतात. अशी मोटर स्थिर असताना तिच्या रोटरमध्ये विरोधी दाब निर्माण झालेला नसतो. त्यामुळे वाहिनीला जोडताक्षणी ती एखाद्या शॉर्ट सर्किट केलेल्या रोहित्रासारखी वागते आणि पूर्णभार प्रवाहाच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. या प्रवाहाचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवण्याजोगे आहे. मोटर वेग घेऊ लागली म्हणजे तो लगेच ओसरतो, असे नाही. अर्ध्या गतीपर्यंत तो जवळजवळ तेवढाच राहतो. ८० टक्के गतीलाही त्याचा मोठा भाग शिल्लक असतो आणि पूर्ण गती अगदी जवळ आल्यावरच तो झपाट्याने उतरतो. पुढील सर्व विवेचनाचे मर्म या एका गोष्टीत आहे.

एक प्रत्यक्षातले वाटावे असे उदाहरण घेऊन हिशोब मांडणे सोयीचे होईल. एका पाणीपुरवठा योजनेच्या पंपगृहात १६० किलोवॅट शक्तीचे दोन केंद्रोत्सारी पंप आहेत, असे समजू. मोटरी ४१५ व्होल्टच्या असून प्रत्येकीचा पूर्णभार प्रवाह २७० अँपिअर आहे. थेट वाहिनीवर सुरू केल्यास मोटर सहा पट, म्हणजे १,६२० अँपिअर प्रवाह घेते. पंपगृहाला ११ किलोव्होल्टच्या लांब वाहिनीवरून वीज मिळते. तेथे ५०० के.व्ही.ए. क्षमतेचे रोहित्र असून त्याचा प्रतिरोध साडेचार टक्के आहे. पहिला पंप चालू आहे आणि दुसरा सुरू करावयाचा आहे. संध्याकाळच्या भारामुळे पॅनेलवरील दाब आरंभापूर्वीच ३९५ व्होल्टपर्यंत उतरलेला आहे.

दाबाची घट काढण्याची रीत सोपी आहे. विजेच्या मार्गात दोन अडथळे एकापुढे एक उभे आहेत, असे मानावे. पहिला अडथळा वाहिनी व रोहित्र यांचा मिळून होतो आणि दुसरा मोटरचा. एकूण दाब या दोहोंमध्ये त्यांच्या प्रमाणात वाटला जातो. पहिल्याच्या वाट्याला जितका दाब जातो तितकी घट होते आणि उरलेला दाब मोटरला व पॅनेलवरील इतर सर्व उपकरणांना मिळतो. प्रस्तुत रोहित्राचा प्रतिरोध त्याच्या ४३३ व्होल्टच्या बाजूने पाहिला असता दर फेजला सुमारे ०.०१७ ओहम येतो. वाहिनीची त्या ठिकाणची शॉर्ट सर्किट क्षमता ६० एम.व्ही.ए. धरली, तर तिच्या वाट्याचे सुमारे ०.००३ ओहम होतात. दोन्ही मिळून ०.०२ ओहम झाले. स्थिर मोटरचा प्रतिरोध काढण्यासाठी ४१५ व्होल्टला १,६२० अँपिअरने आणि पुन्हा तीनच्या वर्गमुळाने भागावे, म्हणजे ०.१४८ ओहम मिळतात.

आता घट अशी :

घट = ०.०२ ÷ (०.०२ + ०.१४८) = ०.११९, म्हणजे सुमारे १२ टक्के

आरंभी मोटरचा शक्तिगुणक फार कमी असतो. तिचा प्रतिरोध आणि रोहित्राचा प्रतिरोध हे दोन्ही मुख्यतः प्रवर्तनी स्वरूपाचे असल्यामुळे त्यांची अशी सरळ बेरीज करण्यात मोठी चूक होत नाही. ३९५ व्होल्टवरून १२ टक्के वजा केले असता पॅनेलवर ३४८ व्होल्ट उरतात. ४१५ च्या मानाने हा दाब ८४ टक्केच भरतो.

या आकड्याचा अर्थ कॉन्टॅक्टरच्या दृष्टीने पाहावा लागतो. मोटरचा प्रवाह जोडणारा हा विद्युत् चुंबकीय स्विच आपल्या ठरलेल्या दाबाच्या ८५ टक्के दाबावर खात्रीने ओढला गेला पाहिजे, अशी प्रमाणित अपेक्षा असते. एकदा ओढला गेलेला कॉन्टॅक्टर बऱ्याच कमी दाबावरही धरून राहतो. तो सुटण्याची मर्यादा साधारणपणे ७५ टक्क्यांच्या खाली असते. ८५ च्या खालच्या दाबात बंद होऊ पाहणारा कॉन्टॅक्टर मात्र अर्धवट ओढला जातो, थरथरतो आणि त्याचे संपर्कबिंदू ठिणग्यांनी वितळून एकमेकांस चिकटू शकतात. शिवाय चालू पंपाच्या संरक्षणासाठी बसविलेला न्यूनदाब रिले बहुधा याच सुमारास लावलेला असतो. घट त्याच्या विलंबकाळाहून अधिक टिकली, तर तो चालू पंप बंद पाडतो. म्हणून या पंपगृहात ८५ टक्के, म्हणजे सुमारे ३५३ व्होल्ट, ही सीमारेषा मानणे योग्य होईल. थेट आरंभ या रेषेच्या खाली जातो. तेव्हा प्रवाह कमी करणारे काही साधन हवे, हे ठरले.

स्टार-डेल्टा हे त्यांपैकी जुने, स्वस्त आणि देशभर रूढ असलेले साधन आहे. मोटरच्या तीन गुंडाळ्यांची सहाही टोके बाहेर काढलेली असतात. आरंभी त्या गुंडाळ्या स्टारमध्ये जोडल्या जातात. त्यामुळे प्रत्येक गुंडाळीला पूर्ण दाबाऐवजी त्याचा ५८ टक्के भाग मिळतो आणि वाहिनीतून घेतलेला प्रवाह थेट आरंभाच्या एक तृतीयांश होतो. ठरावीक सेकंदांनी टायमर स्टारचा कॉन्टॅक्टर सोडून डेल्टाचा ओढतो आणि मोटर पूर्ण दाबावर येते. उदाहरणातील मोटर अशा रीतीने सुरू केली, तर आरंभप्रवाह ५४० अँपिअर होतो. तिचा प्रतिरोध तिप्पट, म्हणजे ०.४४४ ओहम धरावा लागतो. घट ०.०२ भागिले ०.४६४, म्हणजे सुमारे ४.३ टक्के येते. पॅनेलवर ३७८ व्होल्ट राहतात. सीमारेषा ३५३ ची आहे. कागदावर प्रश्न सुटला.

अनेक आराखड्यांत हिशोब येथेच थांबतो आणि नेमकी येथेच अडचण सुरू होते. स्टारमध्ये प्रवाहाबरोबर मोटरचा फिरविण्याचा जोर, ज्याला अभियंते टॉर्क म्हणतात, तोही एक तृतीयांश होतो. आणि तो केवळ आरंभीच नव्हे, तर सर्व गतींना एक तृतीयांशच राहतो. मोटर या कमी जोरावर पंपाला पूर्ण गतीजवळ नेऊ शकली, तरच पुढचे संक्रमण सुखाचे होते. म्हणून आता पंपाची बाजू पाहिली पाहिजे.

केंद्रोत्सारी पंपाला लागणारा टॉर्क गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अर्ध्या गतीला तो पूर्ण गतीच्या चौथा हिस्सा असतो. आरंभी पंप मोटरवर फारसा भार टाकीत नाही. खरी परीक्षा शेवटच्या टप्प्यात असते. उदाहरणातील पंप पाणी पूर्ण वाहत असताना मोटरच्या पूर्णभार टॉर्कपैकी ९० टक्के टॉर्क मागतो, असे धरू. नलिकेवरील झडप उघडी ठेवून तो सुरू केला, तर ७० टक्के गतीला त्याची मागणी ४४, ७५ टक्के गतीला ५१ आणि ८० टक्के गतीला ५८ होते. दुसऱ्या बाजूस ही मोटर पूर्ण दाबावर ७० टक्के गतीला १६०, ७५ ला १७० आणि ८० ला १८० टक्के टॉर्क देते. स्टारमध्ये त्याचा तिसरा हिस्सा घ्यावयाचा आहे. पूर्ण ४१५ व्होल्ट मिळत असते, तर ८० टक्के गतीला मोटरपाशी ६० आणि पंपाची मागणी ५८, अशी जेमतेम बरोबरी झाली असती. परंतु पॅनेलवर ४१५ नव्हे, सुमारे ३८० व्होल्ट आहेत आणि टॉर्क दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो. दाब आठ टक्क्यांहून थोडा अधिक उतरला, की टॉर्क सोळा टक्क्यांनी घटतो. म्हणून ७० टक्के गतीला मोटरपाशी ४५ आणि ७५ टक्के गतीला केवळ ४८ उरतात. पंपाची मागणी मात्र ४४ वरून ५१ वर गेलेली असते. अर्थ स्पष्ट आहे. ७० टक्क्यांच्या किंचित पुढे गेल्यावर मोटरचा जोर आणि पंपाची मागणी समसमान होतात. मोटर तेथेच फिरत राहते. तिचा वेग वाढत नाही.

ही अवस्था पंपचालकाला ओळखता येते. नीट पार पडणाऱ्या आरंभात स्टारमधील प्रवाहाचा काटा काही वेळ वर राहून डेल्टा लागण्यापूर्वीच खाली उतरतो. मोटर अडकली असेल, तर तो खाली येत नाही. या मोटरच्या बाबतीत तो सुमारे ४४५ अँपिअरवर स्थिरावतो आणि टायमर वाजेपर्यंत तेथेच राहतो. मोटरचा आवाजही चढत्या सुराचा न राहता एका पट्टीत लागतो. अशा वेळी टायमरचे सेकंद वाढविणे हा उपाय बहुधा केला जातो, पण तो निष्फळ आहे. जी मोटर दहा सेकंदांत ७० टक्क्यांपुढे जात नाही, ती वीस सेकंदांतही जाणार नाही. ती फक्त अधिक तापेल.

मग टायमर डेल्टा लावतो, तेव्हा काय होते? ७० टक्के गतीला या मोटरचा पूर्ण दाबावरील प्रवाह अजूनही पूर्णभाराच्या ५.४ पट, म्हणजे १,४५८ अँपिअर आहे. सुरुवातीला सांगितलेले वैशिष्ट्य येथे आडवे येते. वेग ७० टक्के झाला, पण प्रवाह केवळ दहा टक्क्यांनी उतरला. मोटरचा प्रतिरोध ०.१६४ ओहम होतो आणि घट ०.०२ भागिले ०.१८४, म्हणजे ११ टक्क्यांच्या जवळपास येते. पॅनेलवरील दाब ३५२ व्होल्ट होतो आणि आपली सीमारेषा ओलांडून खाली उतरतो. ज्या धक्क्यापासून वाचण्यासाठी स्टार-डेल्टा बसविला, तो धक्का टळला नाही. तो फक्त दहा सेकंद पुढे ढकलला गेला. आणि तो अशा क्षणी आला, की डेल्टाचा कॉन्टॅक्टर त्याच घसरत्या दाबात स्वतःला ओढून धरण्याच्या खटपटीत होता.

या धक्क्याला आणखी एक अंग आहे. स्टार सुटून डेल्टा लागेपर्यंत सेकंदाचा लहानसा अंश मोटर वाहिनीपासून तुटलेली असते. या अवकाशात रोटरमधील चुंबकत्व लगेच नाहीसे होत नाही. फिरत्या रोटरमुळे गुंडाळ्यांत काही दाब निर्माण होत राहतो. परंतु रोटर मंदावत असल्यामुळे हा दाब वाहिनीच्या दाबाच्या मागे पडत जातो. दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध असताना डेल्टा लागला, तर फरकाचा दाब वाहिनीच्या दाबाहूनही मोठा होतो आणि पहिल्या काही आवर्तनांत प्रवाहाचे शिखर थेट आरंभाच्या शिखरालाही मागे टाकते. साध्या अँपिअरमापकाचा काटा इतका चपळ नसतो. हे शिखर त्याच्यावर दिसत नाही, ते तरंग नोंदविणाऱ्या उपकरणातच दिसते. पंपगृहात त्याची साक्ष निराळ्या रीतीने मिळते. डेल्टा लागताना शाफ्ट व कपलिंगमध्ये दणका ऐकू येतो आणि रोहित्राचा आवाज एकदम वाढतो. काही वेळा शॉर्ट सर्किटपासून रक्षण करणारा ब्रेकर तत्क्षणी सुटतो आणि दोष मोटरमध्ये शोधला जातो.

दिव्यांकडे पाहणाऱ्याला निदानाची सर्वांत सोपी खूण येथे सापडते. स्टार-डेल्टा आरंभात दिवे दोनदा मंदावतात, एकदा बटण दाबताच आणि दुसऱ्यांदा संक्रमणाच्या वेळी. दुसरे मंदावणे पहिल्याहून खोल असेल, तर ती मोटर स्टारमध्ये आपले काम पूर्ण करीत नाही, असे निःशंकपणे म्हणता येते.

या दोषांवर उपाय नाहीत, असे नव्हे. पहिला उपाय पंपाच्या बाजूचा आहे. केंद्रोत्सारी पंप झडप बंद ठेवून सुरू केला, तर पाणी वाहत नाही आणि पूर्ण गतीलाही त्याची मागणी साधारणतः निम्म्यावर येते. उदाहरणातील पंपाची ती ४५ टक्के धरली, तर ७० टक्के गतीला मागणी २२ च होते. मोटरपाशी तेव्हा ४५ असतात. मोटर सहज पूर्ण गतीजवळ पोहोचते. तेथे डेल्टा लागताना तिचा स्वाभाविक प्रवाहच अल्प असतो. नंतर झडप हळूहळू उघडावी. मात्र हा नियम अरीय प्रवाहाच्या पंपांपुरताच खरा आहे. अक्षीय प्रवाहाचे, म्हणजे पंख्यासारख्या पात्यांचे पंप झडप बंद असताना अधिक शक्ती मागतात. त्यांना हा उपाय उलट बाधेल. दुसरा उपाय जोडणीचा आहे. डेल्टात ज्या गुंडाळीचे पहिले टोक पहिल्या फेजला जाते, तिचे दुसरे टोक दुसऱ्या फेजला न नेता तिसऱ्या फेजला न्यावे आणि उरलेल्या दोन्ही गुंडाळ्यांना हाच क्रम लावावा. फेजांचा क्रम सरळ असताना असे केले, म्हणजे गुंडाळीवरील दाब स्टारच्या मानाने तीस अंशांनी मागे सरकतो. मंदावलेल्या रोटरचा दाबही मागेच पडलेला असल्याने दोहोंतील अंतर घटते आणि प्रवाहाचे शिखर उतरते. या बदलाला खर्च नाही. फक्त वायरमनने टोके विचारपूर्वक जोडावी लागतात.

सॉफ्ट स्टार्टर या प्रश्नाकडे दुसऱ्या दिशेने जातो. त्याचा आधार थायरिस्टर हा अर्धसंवाहक स्विच आहे. तो १९५७ मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत विकसित झाला. प्रत्येक फेजमध्ये असे दोन थायरिस्टर परस्परविरुद्ध दिशांनी जोडलेले असतात. प्रत्येक अर्धतरंगात ते काही काळ थांबून मग वाहू लागतात. थांबण्याचा काळ जास्त असेल, तर मोटरला कमी दाब मिळतो. तो काळ कमी करीत नेला, की दाब चढत जातो. दाबाला पायऱ्या नसतात, त्यामुळे वाहिनीपासून तुटण्याचा क्षणही येत नाही. आरंभ पूर्ण झाल्यावर समांतर जोडलेला बायपास कॉन्टॅक्टर लागतो. हे आवश्यक असते, कारण वाहत्या थायरिस्टरवर दर फेजला सुमारे एक व्होल्ट खर्ची पडतो. २७० अँपिअरला तीन फेजांत मिळून आठशे वॅटच्या आसपास उष्णता सतत निर्माण होत राहिली असती.

सॉफ्ट स्टार्टर म्हणजे कमी प्रवाहात जास्त जोर देणारे यंत्र, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. तो वारंवारता बदलत नाही. मोटरचा दाब तेवढा कमी करतो. त्यामुळे प्रवाह निम्मा केला, तर टॉर्क चौथ्या हिश्शावर येतो, हा नियम त्यालाही लागू आहे. प्रवाहमर्यादा पूर्णभाराच्या तीन पट, म्हणजे ८१० अँपिअर ठेवली, तर या मोटरचा आरंभटॉर्क पूर्ण दाबावरील टॉर्कच्या एक चतुर्थांश होतो. स्टारमध्ये तो एक तृतीयांश होता. प्रवाहही स्टारच्या ५४० अँपिअरपेक्षा जास्तच आहे. पहिल्या क्षणापुरती तुलना केली, तर स्टार-डेल्टाच सरस ठरतो. हे मान्य करूनच पुढे गेले पाहिजे.

भेद पडतो तो गती वाढल्यावर. सॉफ्ट स्टार्टर प्रवाह एका मर्यादेत धरून ठेवतो. मोटर वेग घेते तसा तिचा प्रतिरोध वाढतो आणि तोच प्रवाह राखण्यासाठी स्टार्टर आपोआप अधिक दाब देतो. ७० टक्के गतीला पूर्ण दाबावर ५.४ पट प्रवाह घेणारी ही मोटर तीन पट प्रवाहावर ४९ टक्के टॉर्क देते. पंपाची मागणी तेव्हा ४४ असते. ८० टक्के गतीला ती ६५ देते आणि मागणी ५८ असते. त्यापुढे मोटरचा जोर वेगाने वाढतो. ज्या ठिकाणी स्टारमधील मोटर अडकली, त्या ठिकाणाहून ही पुढे निघून जाते. शिवाय वाहिनीचा दाब ३९५ असो वा ४१५, प्रवाह ८१० च राहतो आणि म्हणून टॉर्कही तोच राहतो, कारण स्टार्टरपाशी अजून न वापरलेला दाब शिल्लक असतो. कमी दाबाच्या ग्रामीण वाहिनीवर हा गुण निर्णायक ठरतो.

त्याची घट मोजणेही सोपे आहे. प्रवाह ठरलेला असल्याने ८१० अँपिअरला ०.०२ ओहमने आणि तीनच्या वर्गमुळाने गुणावे. २८ व्होल्ट येतात. पॅनेलवर ३६७ व्होल्ट, म्हणजे ४१५ च्या ८८ टक्के उरतात. ही घट स्टारच्या पहिल्या घटीपेक्षा खोल आहे, पण सीमारेषेच्या वर आहे आणि आरंभ संपेपर्यंत तिच्याहून खोल दुसरी घट येत नाही. दिवे एकदाच मंदावतात आणि हळूहळू उजळतात.

येथेही एक सापळा आहे. घट आणखी कमी करावी, या हेतूने प्रवाहमर्यादा तीनवरून अडीच पटीवर आणण्याचा मोह होतो. मग ७० टक्के गतीला टॉर्क ३४ च उरतो आणि उघड्या झडपेचा पंप ४४ मागतो. प्रत्यक्षात मोटर ६० टक्के गतीही गाठू शकत नाही. ती ६७५ अँपिअर प्रवाह घेत तेथेच घुटमळते. गुंडाळीतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे ती नेहमीच्या सहा पटींवर जाते. स्टार्टरमधील आरंभकाळाची मर्यादा तिला वेळीच बंद करीत नसेल, तर मोटर जळण्याचा धोका उभा राहतो. हीच अडीच पटीची मर्यादा झडप बंद ठेवून पुरेशी ठरते, कारण ७० टक्के गतीला ३४ विरुद्ध २२ असा हिशोब होतो. म्हणजे प्रवाहमर्यादा ही वाहिनीकडे पाहून एकट्याने ठरवावयाची गोष्ट नव्हे. पंपाची मागणी तिची खालची सीमा ठरविते आणि दाबाची घट वरची. या दोन सीमांमध्ये जागाच उरत नसेल, तर मोठे रोहित्र घ्यावे लागते किंवा वारंवारता बदलणारा ड्राइव्ह बसवावा लागतो. तो पूर्णभार प्रवाहाच्या आसपास राहूनही पुरेसा टॉर्क देऊ शकतो, परंतु त्याची किंमत अधिक असते.

सॉफ्ट स्टार्टर जुन्या पॅनेलमध्ये बसविताना आणखी एक दक्षता घ्यावी लागते. शक्तिगुणक सुधारण्यासाठी अनेक पंपगृहांत मोटरच्या टोकांनाच कपॅसिटर जोडलेले असतात. ते तसेच ठेवले, तर थायरिस्टर वाहू लागताच कपॅसिटर एकदम भारित होतात आणि त्या धक्क्याने थायरिस्टर निकामी होऊ शकतात. कपॅसिटर स्टार्टरच्या अलीकडे, वाहिनीच्या बाजूस न्यावेत आणि आरंभ पूर्ण झाल्यावरच जोडले जावेत. याउलट सॉफ्ट स्टार्टरचा एक लाभ आरंभाशी नव्हे, तर थांबण्याशी निगडित आहे. तो दाब हळूहळू उतरवून पंप थांबवू शकतो. लांब ऊर्ध्ववाहिनीत पंप एकदम थांबला, की परतणारे पाणी नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर आदळते. हळू थांबण्याने हा आघात सौम्य होतो. स्टार-डेल्टापाशी यासाठी काही सोय नाही. मात्र वीजच गेली, तर सॉफ्ट स्टार्टरही निरुपाय होतो. म्हणून वाहिनीवरील आघातरोधक साधने काढून टाकणे शहाणपणाचे होणार नाही.

आता उदाहरणातील पंपगृहाचा निर्णय करता येतो. तेथे प्रशिक्षित चालक सदैव हजर असेल, पंप झडप बंद ठेवूनच सुरू होत असेल आणि डेल्टाची टोके योग्य क्रमाने जोडलेली असतील, तर स्टार-डेल्टा पुरेसा आहे. त्याची पहिली घट सॉफ्ट स्टार्टरहून कमी आहे आणि त्याची दुरुस्ती तालुक्याच्या ठिकाणचा वायरमन करू शकतो. परंतु पंप आपोआप सुरू होणारा असेल, झडप उघडीच राहत असेल किंवा संध्याकाळी दाब ३९५ व्होल्टपर्यंत उतरत असेल, तर तीन पटीच्या मर्यादेवर लावलेला सॉफ्ट स्टार्टर बसवावा. त्या परिस्थितीत स्टार-डेल्टाचा ४.३ टक्क्यांचा आकडा खरा असूनही फसवा ठरतो.

खरेदीपूर्वी निविदेत आरंभप्रवाह किती, एवढेच विचारले जाते. त्याऐवजी तीन गोष्टी मागविल्या पाहिजेत : मोटरचा गतीनुसार प्रवाह व टॉर्क दाखविणारा आलेख, पंपाचा गतीनुसार टॉर्कचा आलेख आणि पॅनेलवर प्रत्यक्ष मोजलेला सर्वांत कमी दाब. पहिले दोन आलेख एकाच कागदावर, मोटरचा टॉर्क त्या कमी दाबाच्या वर्गाने घटवून काढले, म्हणजे मोटर कोठे अडकेल ते ठिकाण डोळ्यांना दिसते. त्या ठिकाणचा प्रवाह वाचून घटीचा हिशोब तेथे करावा, बटण दाबण्याच्या क्षणी नव्हे. दुसरा पंप सुरू होताना पहिला चालू राहील की नाही, हे त्या एका बिंदूवर ठरते.